गुगलचे कपाट आणि रात्री दोनचा हमाल



मोबाईलवर ‘जागा संपली’ असा निरोप आला की आपल्या घरांतून पहिला उपाय होतो तो फोटो पुसण्याचा. पोरगा शाळेतून येतो, आईचा फोन हातात घेतो आणि पाच मिनिटांत शे-दोनशे फोटो उडवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तोच निरोप पुन्हा हजर! मग ‘फोनच खराब’ म्हणून नव्या फोनसाठी हप्त्यांची चौकशी सुरू होते. वस्तुतः ही जागा दोन ठिकाणची असते आणि बहुतेक वेळा आपण भलत्याच ठिकाणी झाडू मारीत असतो. एक जागा फोनच्या पोटातली. दुसरी जागा फोनमध्ये नसतेच. ती गुगलच्या संगणकांवर, आपल्या जीमेलच्या नावाने राखून ठेवलेली असते. आज आम्ही लिहिणार आहोत ते या दुसऱ्या जागेविषयी, कारण ती भरली तर अडते ते फोटोंचे नव्हे, अडते ते पत्रांचे.

जीमेलचे खाते उघडणाऱ्या प्रत्येकाला गुगल १५ जीबी जागा फुकट देते. हे एकच कपाट आहे असे समजा. त्यात तुमची ईमेलची पत्रे ठेवली जातात, गुगल फोटोमध्ये चढवलेले फोटो ठेवले जातात, ड्राइव्हमधली कागदपत्रे ठेवली जातात आणि ॲण्ड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच कपाटात जातो. कप्पे वेगळे दिसतात, पण जागा सामायिक आहे. एका कप्प्याने पाय पसरले की दुसऱ्याची जागा जाते. आणि कपाट पूर्ण भरले की नवे फोटो चढत नाहीत, बॅकअप थांबतो, तुम्हांला ईमेल पाठवता येत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे तुम्हांला आलेले ईमेल पाठवणाराकडे परत जाते. पोस्टमन दाराला कुलूप पाहून पत्र परत नेतो तसे.

‘आमचे तर कधी भरले नव्हते, आताच कसे भरले?’ असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०१८ पासून ॲण्ड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल या १५ जीबीच्या हिशेबात धरीत नव्हते. कितीही मोठा असो, फुकट. त्यामुळे लोकांनी सढळ हाताने सगळे साठवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही सवलत संपणार असल्याचे जाहीर झाले आणि २०२४ च्या आरंभापासून टप्प्याटप्प्याने सर्वांचा बॅकअप हिशेबात येऊ लागला. त्याआधी १ जून २०२१ पासून गुगल फोटोची अमर्याद फुकट सोयही बंद झाली होती. म्हणजे कपाटात नवी वस्तू कोणी आणून टाकली नाही. जी वर्षानुवर्षे पडून होती तीच एके दिवशी खात्यावर नावे पडली. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला यातले मर्म लगेच कळेल.

आणि हे सारे होते गुपचूप. व्हॉट्सॲप रोज रात्री साधारण दोनच्या सुमारास आपल्या गप्पांची एक प्रत फोनमध्येच करून ठेवते. गुगलकडे प्रत पाठवण्यासाठी तुम्ही रोज, आठवड्याला किंवा महिन्याला अशी जी मुदत निवडली असेल त्याप्रमाणे तीही बहुधा रात्रीच, वायफाय किंवा डेटा मिळेल तशी, चढते. घर झोपलेले असते आणि हमाल गठ्ठे वाहत असतो. सकाळी फोनवर काहीच दिसत नाही.

आमच्या विहाराच्या वस्तीतील एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. मुलीने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि चार ठिकाणी अर्ज टाकले होते. एका खाजगी रुग्णालयाने मुलाखतीचे पत्र ईमेलने धाडले, ते परत गेले. तिथल्या एका भल्या बाईंनी अर्जावरच्या क्रमांकावर फोन केला म्हणून तरी कळले. ‘ताई, तुमची मेलपेटी भरली आहे, पत्र जात नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी फोन केला नसता तर पोरीला वाटले असते, आपल्याला बोलावलेच नाही. उरलेल्या तीन ठिकाणांहून काय आले आणि काय परत गेले, ते कळायला मार्ग नाही.

आम्ही त्या मुलीच्या फोनवर one.google.com/storage हे पान उघडले. तिथे कोणत्या कप्प्यात किती माल आहे ते दिसते. शिवाय गुगल ड्राइव्हचे ॲप उघडून वरच्या डाव्या कोपऱ्यातील तीन रेघांवर बोट ठेवले की Backups असे लिहिलेले दिसते. त्यात व्हॉट्सॲपचे बॅकअप एकेक करून पाहता येतात. हिशेब असा निघाला: ईमेल ०.८ जीबी, फोटो ४.६ जीबी, किरकोळ कागदपत्रे ०.२ जीबी आणि व्हॉट्सॲपचे बॅकअप ९.४ जीबी. बेरीज बरोबर १५.

मुलगी म्हणाली, ‘काका, माझ्या व्हॉट्सॲपमध्ये एवढे नाहीच.’ ती खरेच बोलत होती. तिचा स्वतःचा बॅकअप १.९ जीबीचा होता. बाकी ५.२ जीबी आईचा होता आणि २.३ जीबी वडिलांच्या जुन्या क्रमांकाचा, जो दोन महिन्यांपूर्वी बंद झाला होता. झाले होते असे की, घरात जीमेलचे खाते काढता येणारी तीच पहिली. थोरल्या भावाने तिचेच खाते तिन्ही फोनवर टाकून दिले. आपल्या वस्त्यांतून हे सर्रास चालते. दुकानदारही नवा फोन विकताना ‘घरात कुणाचा जीमेल आहे का?’ असे विचारून तोच टाकतो. व्हॉट्सॲप दर क्रमांकाचा बॅकअप वेगळा ठेवते, पण जागा मात्र ज्याच्या खात्यात ठेवला त्याची जाते. तेव्हा पोरीच्या १५ जीबीत तिघांचा संसार होता. (शिवाय तिची पत्रे आईवडिलांच्या फोनवरही उघडी पडत होती, हा भाग निराळा. पंचवीस वर्षांच्या मुलीला स्वतःची पत्रपेटी असावी, इतकेच आम्ही येथे म्हणतो.)

आता कापाकापीला कुठून सुरुवात करावी? आमचे म्हणणे असे की पहिल्या दिवशी काहीच पुसू नये. आधी प्रत काढावी. कारण ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे: त्याच क्रमांकाचा, त्याच खात्यातला नवा बॅकअप झाला की तो जुन्या बॅकअपच्या जागी बसतो. मागच्या महिन्याचा बॅकअप हवा म्हटले तर मिळत नाही. म्हणजे आज फोनमधला फोटो पुसला आणि रात्री बॅकअप झाला, तर तो फोटो दोन्हीकडून गेला. बॅकअप म्हणजे तिजोरी नव्हे. तो आरसा आहे. समोर जे उरले असेल तेच त्यात दिसते.

प्रत काढायला पेनड्राइव्ह आणि तो फोनला जोडणारी छोटी ओटीजी पिन पुरते. किंवा केबलने कोणाच्या तरी संगणकाला फोन जोडावा. व्हॉट्सॲपचे फोटो, व्हिडिओ, आवाज सारे फोनमध्ये या ठिकाणी असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

हे Media नावाचे खाचर पूर्ण उचलून पेनड्राइव्हवर कॉपी करावे. कॉपी करावे, हलवू नये. हलवले तर गप्पांमधल्या चित्रांच्या जागी नुसत्या धूसर चौकटी राहतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार ताडून पाहावा, आणि पेनड्राइव्हवरून पाच-सहा फोटो व एक-दोन व्हिडिओ उघडून पाहावेत. आकार जुळला पण उघडेना, असेही स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर होते.

फाइलींची नावे वाचायला शिकलात तर शोधणे सोपे जाते. `IMG-20190414-WA0023.jpg` याचा अर्थ १४ एप्रिल २०१९ रोजीचे तेविसावे-चोविसावे चित्र, म्हणजे त्या वर्षीच्या जयंतीचे असावे हे लगेच ताडता येते. व्हिडिओ VID ने सुरू होतो. माणसाने बोलून पाठवलेला आवाज PTT ने सुरू होतो आणि WhatsApp Voice Notes या वेगळ्या खाचरात, वर्ष व आठवडा यांच्या आकड्यांच्या छोट्या खाचरांमध्ये पडलेला असतो. नावात तारीख असते, माणसाचे नाव नसते. म्हणून ज्या गोष्टी मोलाच्या, त्या पेनड्राइव्हवर ‘आजी’, ‘लग्न’, ‘दाखले’ अशा नावांची खाचरे करून त्याच दिवशी वेगळ्या काढाव्यात. पुढच्या रविवारी करू म्हटले की होत नाही.

आवाजाबद्दल जरा अधिक लिहितो. सदर कुटुंबातील आजी दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या नातीला बोलून निरोप धाडीत. ‘जेवलीस का, पोरी?’ असे पंधरा-वीस सेकंदांचे शे-सव्वाशे निरोप फोनमध्ये होते. जागा मोकळी करताना हेच पहिल्यांदा जातात, कारण यादीत ते नुसते आकडे दिसतात. आणि गंमत अशी की त्यांनी जागा जवळजवळ घेतलेलीच नसते. एक मिनिटाचा बोलका निरोप एखाद्या फोटोहून जड नसतो. आजीचे सगळे निरोप मिळून एका मध्यम व्हिडिओएवढेही भरले नाहीत. तेव्हा जागेसाठी आवाज पुसू नयेत. त्यातून काही मिळत नाही.

खाते कोण आहे मग? व्हिडिओ. सकाळचे ‘जय भीम, सुप्रभात’ चित्र साधारण १०० केबीचे असते. अशी रोज चाळीस आली तरी चार एमबी होतात, म्हणजे वर्षाला दीड जीबीच्या आत. पण दहा एमबीचे तीनच व्हिडिओ रोज आले तर तीस एमबी झाले, आणि वर्षाचे जवळपास ११ जीबी! आईच्या फोनवर विहाराचा गट, महिला मंडळाचा गट, माहेरचा गट आणि भिशीचा गट असे चार गट होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरचा एकच व्हिडिओ चारही गटांतून चार वेळा आलेला.

व्हॉट्सॲपमध्ये Settings मध्ये जाऊन Chats आणि त्यात Chat backup उघडले की बॅकअपचा आकार, शेवटची वेळ आणि कोणते जीमेल खाते हे दिसते. तिथेच खाली Include videos अशी कळ आहे. ती मुळात बंद असते. आईच्या फोनवर कोणीतरी चालू केली होती. ती बंद केली की पुढचा बॅकअप व्हिडिओंविना होतो आणि एकदम हलका होतो. फोनमधले व्हिडिओ जागच्या जागी राहतात. मात्र त्यानंतर ते फक्त फोनमध्येच असतात. फोन लोकलमध्ये चोरीला गेला तर ते गेले. म्हणून पेनड्राइव्हची प्रत आधी आणि ही कळ नंतर, हा क्रम मोडू नये.

त्यापुढची छाटणी Settings, मग Storage and data, मग Manage storage येथे होते. येथे ५ एमबीपेक्षा मोठ्या वस्तूंचा एक ढीग आणि पुष्कळ वेळा पुढे ढकललेल्या वस्तूंचा दुसरा ढीग वेगळा काढून दिलेला असतो. खाली कोणत्या गटाने किती जागा खाल्ली त्याची उतरती यादी असते. ‘पुष्कळ वेळा ढकललेले’ हा ढीग प्रथम घ्यावा, कारण त्यात घरचे असे बहुधा काही नसते. पण येथेही Select all वर बोट ठेवण्याची घाई नको. या आईच्या ढिगात सापडला तो भावाच्या जात पडताळणी प्रमाणपत्राचा फोटो! तो घरातल्या घरात आणि एजंटाकडे इतक्या वेळा पुढे पाठवला होता की व्हॉट्सॲपने त्याला सुप्रभातच्या पंगतीत बसवले. दाखले, गुणपत्रिका, रेशनकार्ड, आधार यांचे फोटो आधी वेगळे काढावेत, मग पुसावे. एकच वस्तू चार गटांतून आली असेल तर तिच्या सगळ्या प्रती गेल्याशिवाय जागा सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

येथे एक शंका हमखास निघते, विशेषतः महिला मंडळातून: ‘मी पुसले तर गटातल्या सगळ्यांचे जाईल का?’ नाही. अशा रीतीने पुसलेले फक्त आपल्या फोनमधून जाते. दुसऱ्याच्या फोनला हात लागत नाही. उलट आपल्याकडचा एखादा फोटो चुकून गेला तर गटातल्या ज्याने जपून ठेवला असेल त्याच्याकडून पुन्हा मागता येतो, हीच पुष्कळदा शेवटची आशा असते.

त्या घरी आम्ही क्रम असा धरला. तिन्ही फोनच्या प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या. मग वडिलांच्या बंद क्रमांकाचा बॅकअप ड्राइव्हच्या Backups मधून काढून टाकला. तो परत आणायला तोच क्रमांक आणि तेच खाते लागते. क्रमांकच राहिला नाही तर तो बॅकअप म्हणजे किल्ली हरवलेली पेटी. पाच महिने ताजा न झालेला बॅकअप गुगल आपणहून काढून टाकते खरे, पण नोकरीची पत्रे परत जात असता कोण थांबणार? २.३ जीबी सुटले आणि मुलीच्या पेटीत पत्रे येऊ लागली. ज्यांच्याकडे असा पडीक बॅकअप नसेल त्यांनी जीमेलच्या शोधचौकटीत `larger:10M` असे लिहावे. दहा एमबीहून जड पत्रे समोर येतात. नको ती काढून Trash रिकामे करावे. श्वास घेण्यापुरती जागा आधी हवी, कारण तुडुंब भरलेल्या खात्यात नवा हलका बॅकअपही अडू शकतो.

आईचा फोन व्हिडिओची कळ बंद करून आणि दोन तास बसून छाटला. पण फोनमध्ये छाटून गुगलचा आकडा लगेच हलत नाही. येथेच पुष्कळजण ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. Chat backup मध्ये जाऊन Back up ही हिरवी कळ दाबून नवा बॅकअप पुरा होऊ द्यावा लागतो. तो झाल्यावर ५.२ चा १.४ झाला. त्यानंतर आईच्या नावाने वेगळे जीमेल खाते काढले, बॅकअपचे खाते बदलून तेथे नवा बॅकअप घेतला, त्याची तारीख आणि आकार डोळ्यांनी पाहिला आणि मगच मुलीच्या खात्यातला आईचा जुना बॅकअप काढला. खाते बदलले म्हणून जुना आपोआप जात नाही. आणि बॅकअप नीट झाला का हे तपासायला व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकून पाहण्याचे धाडस कोणी करू नये.

राहिले फोटो. गुगल फोटोच्या ॲपमध्ये फोनमधली कोणकोणती खाचरे वर चढवायची याची यादी असते. आईच्या फोनवर WhatsApp Images चालू होते. म्हणजे तेच सुप्रभात एकदा व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये आणि एकदा गुगल फोटोमध्ये, दोनदा जागा खात होते. ते खाचर बंद केले. आधी चढलेले मात्र हाताने काढावे लागले आणि यात एक खोच आहे: गुगल फोटोमध्ये पुसलेला फोटो फोनमधूनही जातो. म्हणून येथेही नको तेच निवडले. पुसलेले फोटो कचरापेटीत साठ दिवस राहतात आणि तोवर जागाही अडवून ठेवतात. आठवडाभर कोणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही तेव्हा पेटी रिकामी केली. दीड जीबी सुटले. मुलीच्या खात्यात आता ६ जीबी आहेत, ९ मोकळे.

चारही गटांचे व्हिडिओ आपोआप उतरणे Storage and data मधील Media auto-download येथून बंद केले आहे. हवा तो व्हिडिओ आई बोट ठेवून उतरवून घेते. पहिले दोन दिवस कुरकुर झाली.

आयफोन वापरणाऱ्यांचा बॅकअप गुगलकडे जात नाही. तो ॲपलच्या आयक्लाउडमध्ये जातो आणि तेथे फुकट जागा ५ जीबीच असते. छाटणीची रीत वरीलप्रमाणेच.

मुलीने उरलेल्या तिन्ही ठिकाणी स्वतः फोन करून पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती केली. एका ठिकाणी मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. दोघांनी पत्र पुन्हा पाठवले आहे.